मोठ्या रॅलीत पॉइंट जातो तो नेमका कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

२०१७ च्या ऑगस्टमधली बॅडमिंटनच्या जागतिक अजिंक्यपदाची ग्लासगोची फायनल तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आपली सिंधू आणि जपानची ओकुहारा, ११० मिनिटं. दुसरा गेम सिंधूनं २२-२० असा घेतला तो ७३ फटक्यांच्या रॅलीवर. सामना मात्र गेला ओकुहाराकडे. दोन वर्षांनी बासेलला फायनलला पुन्हा त्याच दोघी, आणि सिंधूनं ३८ मिनिटांत २१-७, २१-७ असा निकाल लावला. तेव्हापासून आपल्याकडे एक वाक्य फार ऐकू येतं: रॅली लांबली की ओकुहाराची, लवकर संपली की सिंधूची. पण मग ती ७३ फटक्यांची रॅली कुणी जिंकली? सिंधूनंच! म्हणजे नुसती रॅलीची लांबी सांगून भागत नाही. लांबी आपल्याला बघायचं कुठे ते दाखवते, झालं काय ते सांगत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळं बोलणं त्याच्यावरच उभं आहे.

आधी वहीबद्दल थोडक्यात सांगते. मोबाइलवर सामन्याचं चित्रण असेल तर कुठलंही महागडं साधन लागत नाही. एका पॉइंटला वहीतली एक ओळ. त्या ओळीत स्कोअर, रॅलीत एकूण फटके किती, पॉइंट कुणाला, आणि शेवटचा फटका कोणता. सर्व्हिस हा पहिला फटका धरायचा आणि नेटमध्ये किंवा बाहेर गेलेला शेवटचा फटकासुद्धा मोजायचा. सर्व्हिस कुणाची होती ते लिहायला नको. २००६ पासून आपण २१ पॉइंटची पद्धत खेळतो, त्यात आधीचा पॉइंट ज्याचा, सर्व्हिस त्याची. आता गंमत बघा. विषम आकड्याचे फटके नेहमी सर्व्हिस करणाऱ्याचे असतात, सम आकड्याचे समोरच्याचे. रॅली १३ फटक्यांची झाली, तर शेवटचा फटका सर्व्हिस करणाऱ्यानं मारलेला. पॉइंट त्यालाच मिळाला असेल तर त्यानं तो कमावला, आणि समोरच्याला गेला असेल तर त्यानं चूक केली. कमावलेला पॉइंट आणि चुकीनं गेलेला पॉइंट असे दोन्ही एका आकड्यातून वेगळे होतात.

आता मला जी गोष्ट सांगायचीच आहे ती सांगते.

परळची एक मुलगी माझ्याकडे खेळायला येते, शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पार्ल्याच्या एका हॉलमध्ये स्पर्धा होती, तिथे ती तीन गेममध्ये हरली. तिचे बाबा त्याच संध्याकाळी फोनवर म्हणाले, "मॅडम, हिचा स्टॅमिनाच नाही. रॅली लांबली की संपते. उद्यापासून पहाटे शिवाजी पार्कला धावायला नेतो." मी म्हटलं, "न्या की, पण आधी मला तो सामना पाठवा." बाबांनी पूर्ण सामना गॅलरीतून रेकॉर्ड केला होता, त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. बहुतेक पालक आपल्या मुलानं मारलेले स्मॅश तेवढे रेकॉर्ड करतात आणि ग्रुपवर टाकतात. अहो, हरलेला पॉइंट रेकॉर्ड नसेल तर शिकवायचं कशावरून?

मुलगी आणि मी वही घेऊन बसलो. ११३ पॉइंटचा सामना, तिचे ५४ आणि समोरचीचे ५९. लांबीचे तीन गठ्ठे केले. गठ्ठ्यांच्या मर्यादा मी आधीपासून ठरवून ठेवत नाही. प्रत्येक गठ्ठ्यात साधारण सारख्या रॅली येतील अशा जागी रेघ मारते. इथे पाच फटक्यांपर्यंतच्या आखूड, सहा ते अकरा मधल्या, बारा आणि त्याच्या पुढच्या लांब असं जमलं. आखूड रॅलींत ती पुढे होती, मधल्या रॅलींतही पुढे. लांब रॅली होत्या ३५. त्यातल्या तिनं १० जिंकल्या आणि २५ घालवल्या. पुन्हा सांगते, ३५ पैकी २५ गेल्या. मुलगी खट्टू झाली. "बाबांचंच खरं," म्हणाली.

मी म्हटलं, थांब. दम लागल्यामुळे पॉइंट जात असतील तर ते कधी जास्त जातील? तिसऱ्या गेममध्ये. मग या ३५ रॅली गेमप्रमाणे वेगळ्या काढल्या. पहिल्या गेममध्ये ११ लांब रॅली, ८ घालवल्या. दुसऱ्यात १२, घालवल्या ८. तिसऱ्यात १२, घालवल्या ९. पहिल्या गेमला ती ताजीतवानी होती आणि तेव्हाही तेवढ्याच प्रमाणात हरत होती. लांब रॅलीतलं दुखणं दमाचं नव्हतं.

मग शेवटच्या फटक्याचा रकाना उघडला. २५ मधल्या ९ रॅलींत समोरचीनं सरळ विजयी फटका मारला होता. १६ मध्ये आमच्या मुलीची चूक, आणि ती बहुतेक वेळा स्मॅश परतवताना झालेली. शटल नेटमध्ये नाहीतर रेषेबाहेर. इथे बरेचजण वही बंद करतात आणि म्हणतात, "डिफेन्स कच्चा आहे, रोज स्मॅश परतवायचा सराव करा." बघा हं, लांबी म्हणाली स्टॅमिना, शेवटचा फटका म्हणाला डिफेन्स. दोन्ही उत्तरं पटण्यासारखी, आणि दोन्ही अपुरी.

आता व्हिडिओ मागे नेला. शेवटच्या फटक्याच्या आधीचा तिचा फटका पाहिला, आणि लागलं तर त्याच्याही आधीचा. तिथे एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. शटल तिच्या बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात गेलेलं, ती तिथे उशिरा पोचलेली, आणि तिथून तिनं क्रॉस टॉस, म्हणजे समोरच्या कोर्टात मागे जाणारा उंच तिरपा फटका, मारलेला. तो टॉस मागच्या रेषेपर्यंत जाण्याऐवजी अर्ध्या कोर्टात उतरत होता. घालवलेल्या २५ रॅलींपैकी १७ मध्ये हा तोकडा टॉस होता.

"सापडलं!" मुलगी ओरडली. मी म्हटलं, अजून नाही. जिंकलेल्या रॅलींतही तोच टॉस असेल तर तुझं हे सापडणं फुकट. या खेळाचा हिशोब मांडणाऱ्यांकडून सर्वात जास्त राहून जाणारं काम हेच, जिंकलेले पॉइंट तपासण्याचं. आम्ही जिंकलेल्या १० बघितल्या. त्यात तोकडा टॉस ३ वेळा होता. म्हणजे तो टॉस पडलेल्या २० रॅली, त्यातल्या जिंकल्या फक्त ३. तो टॉस न पडलेल्या १५ रॅली, त्यातल्या जिंकल्या ७ आणि हरल्या ८. जवळजवळ बरोबरी! लांब रॅली ती तशी बरोबरीनं खेळत होती. एक फटका पडला की मात्र रॅली हातातून जात होती.

मग ती तो फटका मारत का होती? कारण तिला शिकवलं होतं, "समोरच्याच्या बॅकहँडला टाक." दोघी उजव्या हातानं खेळणाऱ्या. आपल्या बॅकहँडच्या कोपऱ्यातून समोरचीचा बॅकहँड गाठायचा तर शटल क्रॉसच मारावं लागतं. सिंगल्सचं कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद असतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं अंतर सरळ अंतरापेक्षा जवळजवळ एक मीटर जास्त भरतं. उशीर झालेला, शटल अंगाच्या मागे गेलेलं, मनगटाखेरीज काही लावता येत नाही, आणि त्यात एक मीटर जादा! टॉस तोकडा पडणारच. आणि ती स्वतः डाव्या कोपऱ्यात अडकलेली असताना समोरची तिथून सरळ स्मॅश मारते, तो येतो हिच्या मोकळ्या उजव्या बाजूला. म्हणजे डिफेन्स चुकत नव्हता, तिथे पोचणंच शक्य नव्हतं.

शेवटचा प्रश्न राहिला, हे लांब रॅलीतच का व्हायचं? तेही व्हिडिओत दिसलं. समोरची आधी ड्रॉप टाकून हिला उजव्या पुढच्या कोपऱ्यात, नेटजवळ ओढायची, मग शटल डाव्या मागच्या कोपऱ्यात ढकलायची. कोर्टावरचं सगळ्यात लांब धावणं हेच. आमची मुलगी नेटवर सुंदर ड्रिबल करायची, म्हणजे शटल हलकेच नेटपलीकडे सोडायची, आणि लंजमध्येच, म्हणजे पुढे टाकलेल्या लांब पावलातच, क्षणभर तो ड्रिबल बघत उभी राहायची. तिथे अर्धं पाऊल जायचं. हा सापळा रचायला समोरचीला आठ-दहा फटके लागायचे. आखूड रॅलीत तेवढा वेळच मिळत नव्हता.

सराव त्याप्रमाणे ठरवला. पुढच्या पायाच्या टाचेनं जमीन ढकलून लंजमधून लगेच परत यायचं. आणि उशीर झालाच तर त्या कोपऱ्यातून क्रॉस खेळायचं नाही, सरळ ड्रॉप किंवा सरळ टॉस. पुढच्या काही सामन्यांत तोकडे टॉस कमी झाले. त्याबदली सरळ ड्रॉप नेटला लागायला लागला, आणि सध्या आम्ही त्यावर खपतो आहोत. बाबा धावायला नेतातच, त्याला माझी हरकत नाही.

मनातलं एक बोलून टाकते. टीव्हीवर स्मॅश पडला की लगेच त्याचा वेग दाखवतात, आणि मुलं हॉलमध्ये येऊन तेवढंच करायला बघतात. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली सेलांगोरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तसं यश मिळवणारे ते पहिले भारतीय. लोक आजही आठवण काढतात ती त्यांच्या मनगटाची, नेटजवळच्या स्पर्शाची. आपल्या हॉलमध्ये ड्रिबल बघून टाळ्या वाजायला हव्यात, असं मला फार वाटतं. असो.

ज्यांच्या घरी खेळणारी मुलं आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एका सामन्यात शंभरेक पॉइंट असतात. त्यांचे लांबीप्रमाणे, फटक्याप्रमाणे, कोपऱ्याप्रमाणे तुकडे करत गेलात तर एकेका कप्प्यात तीन-चार पॉइंट उरतात आणि त्यावरून काहीही सिद्ध करता येतं. आमच्या मुलीचा तो टॉस वीस रॅलींत दिसला होता, शिवाय नंतर आणखी दोन वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांबरोबर तपासला, तेव्हाच मी सराव बदलला. दुसरी गोष्ट, बाजू लिहून ठेवा. हॉलमध्ये पंखे किंवा एसी चालू असला की एका बाजूनं शटल वाऱ्याबरोबर जातं, दुसऱ्या बाजूनं वाऱ्याविरुद्ध. टॉस फक्त एकाच बाजूनं तोकडे पडत असतील तर तिथे पायांपेक्षा आधी वाऱ्याकडे बघा.

आणि समोर डावखुरी खेळाडू असेल तर त्या सामन्याची पानं वेगळी ठेवा. बॅकहँडच्या कोपऱ्यातून मारलेला तोच क्रॉस टॉस तिच्या फोरहँडला जातो, आणि सरळ टॉस तिच्या बॅकहँडला. दोन्ही प्रकारचे सामने एकाच पानावर एकत्र केले तर कोपरा सापडत नाही, नुसती बेरीज हातात राहते. नमस्कार.