सोनोग्राफीत 'सौम्य सूज' आली. आता हात बांधायचा की हलवायचा?

आज मी खांद्याच्या एकाच रिपोर्टबद्दल बोलणार आहे. ज्यांचा तो रिपोर्ट आहे त्यांना विचारूनच बोलतोय. नाव सांगणार नाही. गावात त्यांना सगळे आक्का म्हणतात, मीही तेच म्हणतो. वय 48, साखरेची गोळी चालू, आणि धंदा म्हणाल तर खापरावरचे मांडे करून देणं.

मांडा कसा करतात हे खान्देशातल्या श्रोत्यांना मी काय सांगणार! पण आज जरा खांद्याच्या बाजूने बघा. पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरतो. मग दोन्ही हात पुढे नेऊन, वर उचलून, तो अलगद उलट्या खापरावर सोडायचा. मांड्याचं वजन काहीच नाही. पण बाई जमिनीवर बसलेली, खापर चुलीवर उंच, आणि हात अंगापासून लांब. लांब गेलेल्या हाताचं स्वतःचंच वजन खांद्याला पुष्कळ होतं. भरलेली कळशी अंगाशी धरून बघा आणि तीच हात लांब करून धरून बघा, म्हणजे कळेल.

एरवी आक्का आठवड्याला चाळीस-पन्नास मांडे करायच्या. आखाजीच्या आधी चार दिवस त्यांनी रोज दीडशे केले. पाचव्या रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना. सणाच्या दिवशी नातीला झोका द्यायला गेल्या आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला कळ आली. मग सोनोग्राफी झाली, रिपोर्टात तळाशी 'माइल्ड सुप्रास्पायनेटस टेंडिनायटिस' असं आलं, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून हात गळ्यात बांधून त्या बारा दिवस बसल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा पहिलं वाक्य हे होतं : "भाऊ, मना हात गया का?"

हात गेला नव्हता, आणि ते त्याच कागदावर लिहिलेलं होतं. फक्त तळाची एक ओळ वाचून कागद घडी केला होता. वरचा मजकूर आम्ही दोघांनी बसून वाचला.

सुप्रास्पायनेटस हा खांद्याच्या फऱ्यावरून निघून दंडाच्या हाडाच्या माथ्यावर येणारा स्नायू. त्याचा शेवटचा दोरीसारखा भाग म्हणजे टेंडन. हात उचलताना दंडाचं डोकं खोबणीत नीट बसवून ठेवणाऱ्यांपैकी हा एक. रिपोर्टात तो 'बल्की' आणि 'हायपोएकोइक' लिहिला होता. बल्की म्हणजे जाड. आक्कांचा उजवा 6.8 मिलिमीटर होता, डावा 5.6. डाव्याचंही माप घेतलं होतं हे चांगलं, कारण प्रत्येकाचा टेंडन वेगळ्या जाडीचा असतो आणि खरी तुलना स्वतःच्याच दुसऱ्या खांद्याशी होते. हायपोएकोइक म्हणजे पडद्यावर काळपट. निरोगी टेंडन सुताच्या घट्ट लडीसारखा, उजळ रेघारेघांचा दिसतो. ताण झेपला नाही की तंतूंच्या मधे पाणी धरून ठेवणारा पदार्थ वाढतो, लड फुगते आणि रेघा पुसट होतात. एक खबरदारी इथे लागते : मशीनचा प्रोब थोडा तिरका झाला तरी निरोगी टेंडन काळा दिसू शकतो. म्हणून सोनोग्राफी करणारे डॉक्टर प्रोब थोडा हलवून, कोन बदलून बघतात. काळेपणा तरीही राहिला तरच तो खरा.

'टेंडिनायटिस' या शब्दाने लोक घाबरतात, कारण शेवटी 'दाह' येतो. दाह म्हटलं की विस्तव, आणि विस्तवाला हात लावायचा नाही असं मनात बसतं. दुखणं काही आठवडे चाललेलं असेल तर टेंडनमध्ये बहुधा तंतूंची विस्कटलेली मांडणीच जास्त सापडते, दाहाच्या पेशी कमी. म्हणून कित्येक डॉक्टर आता 'टेंडिनोसिस' किंवा 'टेंडिनोपॅथी' लिहितात. रिपोर्टात यातला कोणताही शब्द असला तरी पुढची आखणी फारशी बदलत नाही.

आखणी ठरते ती मधल्या एका ओळीवर : 'नो टेअर'. अर्धवट किंवा पूर्ण फाटलेलं नाही. आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं. त्याखाली बर्सा, म्हणजे टेंडनवरची घर्षण वाचवणारी पातळ पिशवी, किंचित जाड असल्याचं लिहिलं होतं, आणि बायसेप्सच्या आवरणात थोडं पाणी. थोडं पाणी निरोगी खांद्यातही असतं. त्यावर झोप उडवू नये.

'माइल्ड' म्हणजे चित्रातला बदल सौम्य. दुखणं सौम्य असा त्याचा अर्थ नाही. चित्र आणि दुखणं यांचा मेळ सैल असतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या, 40 ते 70 वयाच्या 51 पुरुषांची सोनोग्राफी केली. 96 टक्के जणांच्या खांद्यात काही ना काही सापडलं, आणि सुप्रास्पायनेटसचा असाच बदल 39 टक्क्यांमध्ये होता. तेव्हा आक्कांच्या टेंडनमधला थोडा बदल आखाजीच्या आधीपासून असणंही शक्य आहे. अचानक वाढला तो कामाचा बोजा.

एक गोष्ट मात्र या रिपोर्टवरून ठरत नाही, आणि ती आधी बघावी लागते : खांदा आखडतोय का. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि दुसऱ्याला हळूच हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. दुसऱ्याने वळवूनही हात डाव्याच्या मानाने खूपच आधी अडला, तर दुखणं आखडलेल्या खांद्याचं असू शकतं आणि त्याची वाट वेगळी. साखर असलेल्यांत ते जास्त आढळतं. आक्कांचा हात जवळजवळ पूर्ण वळला, शेवटी थोडा ताठर लागला. साखर असलेल्या खांद्याला बारा दिवस झोळीत ठेवणं मला त्या रिपोर्टापेक्षा जास्त काळजीचं वाटलं.

आता विश्रांती. विश्रांती कुणापासून, हे ठरवल्याशिवाय 'आराम करा' म्हणण्याला अर्थ नाही. आक्कांना तीन गोष्टींपासून विश्रांती हवी होती : लांब हाताने खापरावर मांडा टाकणं, खांद्याच्या वरच्या फळीवरचे डबे काढणं, आणि उजव्या कुशीवर झोपणं. बाकी हात वापरायचा. झोळी त्याच दिवशी काढली. भाकरी थापणं, जेवणं, अंगाजवळचं काम चालू. रात्री डाव्या कुशीवर, समोर उशी घेऊन उजवा हात तिच्यावर.

दुखणं किती चालेल? आक्कांना दहापैकी आकडा सांगता येईना, म्हणून आम्ही रुपया धरला. व्यायाम करताना रुपयात चार आणे दुखलं तर चालेल, आठ आणे झालं तर थांबायचं. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. काम करताना टेंडन बऱ्याचदा गप्प राहतो आणि उशिरा बोलतो. आक्कांची कसोटी वेणी होती. सकाळी कालच्याइतपत सहज वेणी घालता आली, तर कालचं काम खांद्याला झेपलं. जास्त दुखलं, तर काल जास्त झालं.

पहिले दोन आठवडे हात न हलवता ताकद लावायची. कोपर अंगाशी, काटकोनात, मनगटाची बाहेरची बाजू दाराच्या चौकटीला टेकवून अर्ध्या जोराने दाबायचं. तीस सेकंद, मधे एक मिनिट थांबून पाच वेळा, दिवसातून दोनदा. शिवाय भिंतीवर बोटं चालवत हात जमेल तितका वर, आखडू नये म्हणून. तिसऱ्या आठवड्यापासून वजन : अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. डाव्या कुशीवर झोपून, उजव्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल, बाटलीचा हात हळूहळू वर वळवायचा आणि त्याहून हळू खाली आणायचा. दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. आक्कांनी विचारलं, रोज केलं तर लवकर बरं नाही का होणार? नाही. वजन पेलल्यावर पहिला दिवसभर टेंडनमध्ये जुने तंतू मोडण्याचं काम नवे बांधण्याच्या पुढे असतं. मधला मोकळा दिवस बांधकामाचा असतो. पाचव्या आठवड्यात तीच बाटली, अंगठा वर ठेवून, हात पुढे खांद्याच्या उंचीपर्यंत.

आणि नेमक्या पाचव्या आठवड्यात गडबड झाली. खांदा बरा वाटला, घरात पाहुणे आले, आक्कांनी एका दमात तीस मांडे टाकले. करताना काही नाही. सकाळी वेणी घालता येईना. त्या पुन्हा झोळी घालून आल्या. मी झोळी काढायला लावली. नवं काही फाटल्याची खूण नव्हती : हात दुखत होता, पण ताकद तशीच होती. दोन दिवस बाटली बंद, फक्त चौकटीचं दाबणं. तिसऱ्या दिवशी वेणी जमली. मग मांडे व्यायामासारखेच मोजून सुरू केले : एक दिवसाआड दहा, आणि सकाळ बरी गेली तर पुढच्या आठवड्यात पाच वाढवायचे.

त्याच वेळी मी त्यांच्या चुलीशी जाऊन बसलो. चूल खाली आणता येत नव्हती, म्हणून बसायच्या पाटाखाली विटा रचून बैठक वीतभर वर नेली. हात खांद्याच्या खाली राहूनच मांडा खापरावर जायला लागला. माझ्या मते सगळ्या व्यायामांइतकंच काम त्या विटांनी केलं.

इंजेक्शनबद्दल लोक विचारतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो; रात्रीची झोपच उडाली असेल तर डॉक्टर देतात. साखरवाल्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते, ती तपासत राहावी. आणि दुखणं थांबलं म्हणजे टेंडन दीडशे मांड्यांना तयार झाला, असं नाही.

ही आखणी ज्यांना लागू नाही तेही सांगतो. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात एकदम उचलेनासा झाला, खांदा लाल-गरम होऊन ताप आला, कोपराखाली मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर आधी डॉक्टरांकडे. खांद्याबरोबर छातीत दाब, घाम, दम असेल तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

तीन महिन्यांनी आक्का एका बैठकीत चाळीस मांडे करत होत्या. पुन्हा सोनोग्राफी करू का, म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. टेंडनची जाडी दुखणं गेल्यावरही बरेच महिने तशीच दिसू शकते, आणि वेणी रोज सकाळी घातली जातच होती. या वर्षी आखाजीच्या सहा आठवडे आधीपासून त्यांनी आकडा दर आठवड्याला थोडा थोडा चढवत नेला. सणाच्या चार दिवसांत रोज नव्वद केले, आणि दुपारनंतरचे मांडे खापरावर टाकायला जाऊबाईंना बसवलं.