महिन्याचं वाणसामान: यादी कशावरून करायची?

नमस्कार श्रोते हो. एक तारीख आली, पगार झाला, की घरोघरी वाण्याची यादी निघते. बहुतेक घरांत ती गेल्या महिन्याची पावती पाहून लिहितात. मग तेल जास्त गेलं असेल तर पुढच्या महिन्यातही तेवढंच येतं आणि तेवढंच संपतं. म्हणून आज यादी उलट्या बाजूने, म्हणजे ताटापासून करू या. घरात आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं आहेत असं धरू.

आधी गहू. एका मध्यम पोळीला साधारण पंचवीस ग्रॅम कणीक लागते. डबे धरून दिवसाला वीस पोळ्या होत असतील तर अर्धा किलो पीठ, म्हणजे महिन्याला १५ किलो गहू. भाकरी रोज होत असेल तर तेवढा कमी घ्या. दळण मात्र एकदम आणू नका. आठवड्याला चार किलो पुरतं, आणि पावसाळ्यात पिठाला जाळी धरायच्या आत ते संपतं. तांदूळ दिवसाला ३०० ग्रॅम म्हटला तर महिन्याला ९ किलो. नवा तांदूळ स्वस्त मिळाला तरी तो कमी फुगतो आणि भात चिकट होतो, त्यामुळे त्याच वाटीत भात कमी पडल्यासारखा वाटतो. जुना घेतला तर तीच वाटी पुरते.

ज्यांचं रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे, त्यांना माणशी पाच किलो धान्य मिळतं, म्हणजे चौघांना २० किलो. वरच्या हिशोबातले चोवीस किलो आठवा. बाजारातून थोडंच आणायचं राहिलं. गहू-तांदळाचं प्रमाण दुकानात ठरलेलंच मिळतं, तेव्हा आधी रेशन उचलावं आणि मग बाकीची यादी करावी.

आता डाळ, आणि इथेच आपली यादी तोकडी असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला माणशी ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत. चौघांचे तीस दिवसांचे दहा किलो होतात. मुलांचं थोडं कमी धरलं तरी आठ किलो. आपल्या घरात येते तीन-चार किलो तूरडाळ, आणि पाहुणे आले की आमटीत पाणी वाढतं! आठ किलो अशी वाटता येते: तूरडाळ तीन, मूगडाळ एक, हरभराडाळ आणि बेसन मिळून दीड, आणि उरलेले अडीच किलो मटकी, मूग, चवळी, हरभरा. म्हणजे रोज आमटी आणि आठवड्यातून चार-पाच दिवस उसळ. तूरडाळ महाग असली की एकटी तिचीच कपात करावी, मसूरडाळ निम्मी मिसळावी. एकूण वजन कमी करू नये.

तेलाचं अगदी उलट. त्याच मार्गदर्शिकेत दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप आहे. चौघांचं महिन्याला सव्वातीन किलो होतं. अर्धा किलो तूप-लोणी धरलं तर तेल पावणेतीन किलो उरतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं, म्हणजे तीन लिटर. खूण सोपी आहे: एका लिटरच्या पिशवीवर फोडल्याची तारीख लिहा. ती दहा दिवस टिकली पाहिजे. सात दिवसांतच संपली तर सणवार नसताना फोडणीच जड होते आहे असं समजा. आणि पिशवी घेताना आकार पाहून फसू नका. २०२२ पासून पाकिटांची ठरावीक वजनं सक्तीची राहिलेली नाहीत, त्यामुळे लिटरच्या पिशवीसारखी दिसणारी पिशवी ८५० किंवा ७५० ग्रॅमचीही निघते. छापलेलं निव्वळ वजन वाचायचं, आणि शेजारची प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत ताडून पाहायची.

साखर शेवटी, कारण ती चहावर अवलंबून आहे. दोन माणसांचा दिवसातून दोनदा चहा, दोन-दोन चमचे साखर, एक चमचा पाच ग्रॅम: दिवसाचे चाळीस ग्रॅम. मुलांच्या दुधात आणखी वीस. महिन्याला एक किलो आठशे ग्रॅम. दोन किलो लिहा. शिरा, श्रीखंडाच्या महिन्यात अर्धा किलो वाढवा. बिस्किटं आणि सरबतातली साखर या हिशोबात येत नाही, आणि ती जास्त असलेल्या घरात डब्यातली साखर दोन किलोच संपली म्हणून खूश होऊ नये.

तर उद्याच्या यादीत असं लिहा: गहू १५ किलो, तांदूळ ९, डाळी-कडधान्यं ८, तेल ३ लिटर, साखर २ किलो. घरात आजी-आजोबा आले की पोळ्या मोजून पुन्हा आकडे बसवा. नमस्कार.