हळदीच्या फोटोवरून फाउंडेशनची शेड काढायचीय? आधी गजरा बघा

(कॅमेऱ्यासमोर. हातात फोन, स्क्रीनवर नवरीचा फोटो.)

लग्नसराईत रोज असा एक तरी मेसेज येतो. "ताई, हा माझा फोटो. माझी शेड कुठली, ते सांगा ना." हा फोटो त्यातलाच आहे. नवरीच्या परवानगीने दाखवतेय, डोळे झाकलेत. हळदीचा दिवस, पण हळद अजून लागलेली नाही. पिवळी साडी, मागे पिवळा पडदा, झेंडूच्या माळा. आणि चेहरा कसा दिसतोय? जरा राखाडी, कोमेजल्यासारखा. पहिल्या नजरेत मीसुद्धा न्यूट्रल बेजची बाटली उचलली असती, आणि ती चुकीची ठरली असती.

तुम्हाला वाटेल, आजूबाजूला एवढं पिवळं असताना चेहरा पिवळा दिसायला हवा. इथेच गंमत आहे. फोनला प्रकाशाचा रंग माहीत नसतो, त्याला तो अंदाजाने काढावा लागतो. फ्रेममध्ये सगळीकडे पिवळं दिसलं की बऱ्याचदा त्याला वाटतं, बल्बच पिवळा आहे. मग तो अख्ख्या फोटोत निळं ढकलतो. पडदा खरोखरच पिवळा होता, त्यामुळे तो थोडा फिका पडला तरी पिवळाच राहिला. चेहऱ्यातला सोनेरीपणा मात्र धुऊन गेला.

आकड्यांकडे जायच्या आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवूया. आपण गोरी, गव्हाळ, सावळी म्हणतो, ते त्वचा किती उजळ किंवा गडद आहे याबद्दल असतं. अंडरटोन म्हणजे त्या उजळपणाच्या आत झाक कुठली आहे: पिवळी, गुलाबी की दोन्हींच्या मधली. दोन गव्हाळ मुलींना एकच बाटली चालेल असं नाही. आपल्याकडे झाक सांगणारा एक सुंदर शब्द आहे, केतकी. उजळ, पण पिवळसर. बाटल्यांवर कुणी तो छापत नाही, हे दुर्दैव.

(स्क्रीनवर फोटो मोठा. गजऱ्यावर बोट.)

आता या फोटोत पांढरं काय आहे? मोगऱ्याचा गजरा. गालावर जो प्रकाश पडलाय, तोच ज्या पाकळीवर पडलाय ती निवडायची, केसांच्या सावलीतली नको. फोटो एडिटरमधल्या ड्रॉपरने रंग मोजला, तर पाकळी आली लाल 188, हिरवा 202, निळा 226. खरंतर पांढऱ्या वस्तूचे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. इथे निळा जास्त आहे आणि लाल कमी. म्हणजे फोटोवर निळी झाक चढलीय, याचा पुरावा मिळाला.

मग गाल मोजला. एकाच ठिकाणी नाही, पाच ठिकाणी, आणि सरासरी घेतली. डोळ्याखालचं काळं वर्तुळ, ब्लश आणि चमकणारी जागा टाळली. आकडे आले 154, 126, 107. आता गजरा जितका बिघडलाय, तितकाच गाल उलट्या दिशेने सुधारायचा. हिरवा तसाच ठेवायचा. लाल 154 ला 202 ने गुणा आणि 188 ने भागा: 165. निळा 107 ला 202 ने गुणा आणि 226 ने भागा: 96. म्हणजे गालाचा रंग झाला 165, 126, 96.

(दोन्ही रंगांचे चौकोन शेजारी शेजारी.)

बघा, डावीकडे राखाडी, उजवीकडे सोनेरी. लाल आणि निळ्यातलं अंतर आधी 47 होतं, आता 69 झालं. आणि हिरव्याकडे लक्ष द्या. तो 126 आहे, लाल आणि निळ्याच्या जवळजवळ मधोमध. हिरवा जितका लालाकडे सरकतो, तितकी झाक पिवळसर होत जाते. निळ्याकडे सरकला तर गुलाबी. याच गालाचा हिरवा 115 च्या आसपास आला असता, तर मी गुलाबी झाकेची बाटली काढली असती. तर या मुलीसाठी गोल्डन.

हा हिशेब ढोबळ आहे, हेही सांगते. गजरा कोमेजून पिवळसर झाला असेल, तर त्याला पांढरा मानल्यावर तुम्ही चेहरा गरजेपेक्षा निळ्याकडे न्याल. उलट नीळ घातलेला सदरा किंवा प्रिंटरचा कागद मुळातच थोडा निळसर असतो. त्यावरून सुधारलं, तर चेहरा जास्तच पिवळा होईल. दात आणि डोळ्यांचं पांढरं मी तर वापरतच नाही. दात पिवळसर असतात, डोळ्यांत लाल शिरा असतात. नथीचे मोतीही क्रीम असतात, तिथेही फसाल.

आणि फोटोत पांढरं काहीच नसेल तर? नाकाच्या शेंड्यावरची तेलकट चमक बघा. ती चमक त्वचेच्या आतून येत नाही, पृष्ठभागावरून परततो तो प्रकाश, म्हणून तिच्यात त्वचेचा रंग फारसा नसतो, दिव्याचा असतो. फक्त ती पार पांढरीफटक झालेली नको. तिन्ही आकडे 255 असतील, तर तिथली माहितीच गेलीय.

आता एक अशी अडचण, जिथे हा गुणाकार पूर्ण हरतो. डोळ्यांच्या बाहुल्या झूम करा.

(दुसऱ्या एका मुलीच्या फोटोवर झूम. बाहुलीत दोन ठिपके.)

बाहुलीत दिव्यांचं प्रतिबिंब दिसतं. दुसऱ्या एका मुलीच्या या फोटोत दोन आहेत: एक निळसर, ती खिडकी. एक पिवळा, तो बल्ब. म्हणजे एक गाल एका उजेडात, दुसरा दुसऱ्या. एक सुधारला की दुसरा बिघडतो. अशा वेळी मोजायचा गाल आणि पांढरी वस्तू एकाच बाजूची घ्या, दुसरी बाजू सोडून द्या. आपल्या नवरीच्या फोटोतही हे थोडं आहे. हनुवटीखाली आणि मानेवर पिवळ्या साडीचा उजेड परतलाय, म्हणून मान गालापेक्षा पिवळी दिसते. शेड मानेशी जुळवावी हे प्रत्यक्षात बरोबर. या फोटोतल्या मानेशी जुळवू नका.

स्वस्त एलईडीचा त्रास वेगळा. त्यांच्या प्रकाशात गडद लाल कमी असतो. गजरा सुधारून नीट पांढरा होतो, तरी त्वचा हिरवट, आजारी दिसत राहते. जो प्रकाश त्वचेवर पडलाच नाही, तो गुणाकाराने परत येत नाही. आणि ब्युटी फिल्टर लागलेला असेल, तर हिशेब सुरूच करू नका. तो फक्त चेहरा उजळवतो, गजरा नाही. ओळखायचं कसं? कानाची पाळी आणि गाल शेजारी ठेवून बघा. गाल मेणासारखा गुळगुळीत आणि कान दोन शेड गडद, म्हणजे फिल्टर.

मी आपल्या नवरीला दुसरा फोटो मागितला. सकाळी दहाच्या सुमारास, उघड्या दारासमोर, ऊन अंगावर न घेता. मागचा कॅमेरा, दुसऱ्या कुणीतरी काढलेला, गालाला टेकवून कोरा कागद. साडी नको, साधा पांढरा किंवा करडा कुर्ता. त्यात कागदावरून सुधारल्यावर गाल आला 168, 128, 95. गजऱ्याच्या हिशेबापासून तीन आकड्यांपेक्षा लांब नाही, आणि जो फरक आहे तो कागदाच्या निळसरपणाने पडतो त्याच दिशेला, पिवळ्याकडे.

ट्रायलच्या दिवशी तीन गोल्डन बाटल्या नेल्या: अंदाजाची, एक शेड उजळ, एक गडद. जबड्यावर तीन रेघा ओढल्या, दहा मिनिटं वाळू दिल्या, मग दारात उजेडात नेऊन पाहिलं. मधली दिसेनाशी झाली होती. आई म्हणाल्या, "अगं, उजळवाली लाव ना!" तो वाद अजून मिटलेला नाही.