रेषेवर न बसणारे ठिपके

[दृश्य: कोरा आलेख. ठिपके एकेक करत उमटत जातात.]

पडद्यावर उमटणारा प्रत्येक ठिपका म्हणजे एक बाप आणि त्याचा वाढ पूर्ण झालेला मुलगा. आडव्या अक्षावर बापाची उंची, उभ्या अक्षावर मुलाची. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन आणि अ‍ॅलिस ली यांनी इंग्लंडमधल्या कुटुंबांची ही मोजमापं 1903 साली प्रसिद्ध केली. त्यात बाप-लेकांच्या 1078 जोड्या आहेत. बापांची सरासरी उंची 67.7 इंच, मुलांची 68.7 इंच.

[दृश्य: ठिपक्यांच्या गर्दीतून एक तिरपी रेषा जाते.]

ही रेषा लघुतम वर्गांच्या पद्धतीने काढलेली आहे. म्हणजे प्रत्येक ठिपक्याचं रेषेपासूनचं उभं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची बेरीज ज्या रेषेला सर्वात कमी येईल ती निवडायची. इथे रेषा सांगते की बाप एक इंचाने उंच असेल, तर मुलगा सरासरीने साधारण अर्ध्या इंचाने उंच असतो.

वर्तमानपत्रात असा आलेख येतो तेव्हा बहुतेक वेळा ठिपके गाळलेले असतात, नुसती रेषा उरते. माझ्या मते आलेखातला अधिक मोलाचा भाग तिथेच हरवतो. कारण या 1078 ठिपक्यांपैकी नेमके रेषेवर बसलेले शोधायला गेलात, तर जेमतेम काही हाती लागतील. मग बाकीचे चुकले का?

[दृश्य: आलेखाची एक अरुंद उभी पट्टी उजळते. बापाची उंची: 72 इंच.]

फक्त सहा फुटी बाप घेऊ, म्हणजे 72 इंचांचे. त्यांच्या मुलांसाठी रेषा म्हणते 70.9 इंच. आता या पट्टीत वरखाली नजर फिरवा. कुणी 68 इंचांचा आहे, कुणी 71 चा, कुणी 74 चा. रेषेने यातल्या कुणा एकाची उंची सांगितलेलीच नाही. सहा फुटी बापांच्या सगळ्या मुलांची मिळून सरासरी किती, एवढंच ती सांगते.

प्रत्यक्ष उंचीतून रेषेने सांगितलेली उंची वजा केली की जे उरतं, त्याला अवशेष म्हणतात. 68 इंचांच्या मुलाचा अवशेष उणे 2.9, तर 74 इंचांच्या मुलाचा अधिक 3.1.

हे उरलेले इंच येतात कुठून? सर्वात आधी आई. आडव्या अक्षावर तिला जागाच नव्हती, पण मुलाची निम्मी जनुकं तिची असतात. बापाकडूनही मुलाला निम्मीच जनुकं मिळतात, आणि कोणती निम्मी, हे प्रत्येक मुलागणिक बदलतं. म्हणून सख्ख्या भावांची उंचीही सारखी नसते. मग लहानपणचं खाणंपिणं आणि आजारपणं. शेवटी मोजमापातली कसर: माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा किंचित उंच भरतो, मोजणाऱ्याचा हात हलतो, आकडा जवळच्या खुणेवर नेला जातो. आलेखाच्या अक्षावर जे जे आलेलं नाही, ते सगळं या एका अंतरात येऊन साचतं. आईची उंची हिशेबात धरली तर ठिपके रेषेच्या थोडे जवळ येतील. रेषेवर मात्र तरीही येणार नाहीत, कारण आईबाप तेच असलेले दोन भाऊसुद्धा वेगवेगळ्या उंचीचे निघतात.

[दृश्य: रेषेच्या वर आणि खाली एकेक समांतर रेषा.]

या विखुरण्याला माप आहे. इथे अवशेषांचं प्रमाण विचलन साधारण 2.4 इंच येतं. सहा फुटी बापांच्या मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश 68.5 ते 73.3 इंचांच्या दरम्यान सापडतात. हा आकडा हाताशी असला की नेमके प्रश्न विचारता येतात. यातले किती मुलगे बापापेक्षा बुटके? हिशेब केला तर तिघांत साधारण दोघे. तिसरा बापाच्याही वर जातो. ‘उंच बापांची मुलं बुटकी होतात’ असा मथळा दिला, तर तो दर तिघांतल्या एकाबद्दल खोटा ठरतो.

आता एक तुलना, जी मला या संपूर्ण आलेखातली सर्वात बोलकी वाटते. बापाची उंची माहीतच नसती आणि सगळ्या मुलांसाठी एकच सरासरी सांगितली असती, तर प्रमाण विचलन 2.8 इंच आलं असतं. बापाची उंची कळल्यावर ते 2.4 वर आलं. बाप-लेकांच्या उंचीतला सहसंबंध, म्हणजे दोन्ही उंची किती जोडीने बदलतात याचं माप, 0.5 आहे; सगळे ठिपके चढत्या रेषेवर बसले असते तर ते 1 आलं असतं. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण एका मुलाबद्दलची आपली अनिश्चितता त्याने साधारण सातव्या हिश्शानेच घटली. रेषा ठळक आणि नि:शंक दिसत असली, तरी एकेका माणसाबद्दल तिला एवढंच ठाऊक आहे.

[दृश्य: रेषेभोवती अगदी अरुंद करडा पट्टा.]

इथे वाचकाची हमखास गल्लत होते. छापील आलेखात रेषेभोवती बऱ्याचदा असा करडा पट्टा असतो आणि बहुतेक ठिपके त्याच्या आत असावेत असं वाटतं. पण तो पट्टा ठिपक्यांसाठी काढलेलाच नसतो. दुसऱ्या हजारेक कुटुंबांची मोजमापं घेतली असती तर रेषा स्वतः किती सरकली असती, हे तो दाखवतो. सरासरी उंचीच्या आसपास हे सरकणं एक दशांश इंचाहूनही कमी आहे. नोंदी शंभरपट वाढवल्या, तर ते आणखी दहापट कमी होईल. अवशेषांचं विचलन मात्र 2.4 इंचच राहील, कारण नोंदी वाढल्याने भावाभावांतला फरक मिटत नाही. सरासरी अत्यंत नेमकी ठाऊक असणं आणि एका मुलाची उंची चार-पाच इंचांनी चुकणं, दोन्ही एकाच आलेखात खरं असू शकतं.

एखादा ठिपका फारच दूर दिसला तर? रेषेपासून तीन प्रमाण विचलनं, म्हणजे सव्वासात इंच. हजार जोड्यांत असे तीनेक ठिपके अपेक्षितच असतात. त्यांची नोंद पुन्हा तपासावी, पण दूर आहेत एवढ्याच कारणावरून त्यांना खोडू नये.

[दृश्य: रेषा आडवी होते. वर-खाली फक्त अवशेष उरतात.]

रेषाच चुकीची असेल, तर ते कसं ओळखायचं? अवशेषांची सरासरी पाहून काही कळत नाही. या पद्धतीने काढलेल्या रेषेभोवती ती शून्यच येते, रेषा कितीही अयोग्य असली तरी. म्हणून अवशेषांचा वेगळा आलेख काढतात. दोन वर्षांच्या मुलांपासून वीस वर्षांच्या तरुणांपर्यंत वय आणि उंची घेऊन सरळ रेषा ओढून पाहा. दोन्ही टोकांना ठिपके रेषेखाली जातील, मधले रेषेच्या वर जातील. अवशेषांची कमान उभी राहते, कारण विशीच्या आधीच वाढ थांबते आणि रेषा मात्र चढतच राहते. हा आकार दिसला की दोष ठिपक्यांचा नसतो.

कधी अवशेष एका टोकाला दाटलेले आणि दुसऱ्या टोकाला फाकलेले दिसतात. तेव्हा रेषा बरोबर असू शकते, पण विखुरण्याचा एकच आकडा सगळीकडे लागू पडत नाही.

[दृश्य: पुन्हा बाप-लेकांचे अवशेष.]

पिअर्सन आणि ली यांच्या नोंदींत कमान नाही आणि ठळक फाकणंही नाही. डावीकडून उजवीकडे ठिपक्यांचा थर जवळपास सारख्याच जाडीचा आहे. म्हणून 64 इंची बापाच्या मुलाबद्दल बोलतानाही तोच 2.4 चा आकडा चालतो: 66.8 इंच, त्याच्या वर-खाली 2.4. मात्र 80 इंची बापाच्या मुलाबद्दल विचारलं, तर या आलेखाकडे उत्तर नाही. रेषा तिथपर्यंत लांबवता येते, पण तिच्याभोवती तिथे एकही ठिपका नाही.