गाडी पार्किंगमध्ये, टोल पाचशे किलोमीटरवर

[दृश्य: नाशिकमधल्या एका सोसायटीचं पार्किंग. कव्हर घातलेली पांढरी हॅचबॅक. जवळच ठेवलेला मोबाइल वाजतो.]

निवेदन :
एक उदाहरण घेऊ. मंगळवार, दुपारचे अडीच. गाडी रविवारपासून जागची हललेली नाही आणि मेसेज येतो : फास्टॅगमधून 105 रुपये वजा. खाली टोलनाक्याचं नाव आहे, विदर्भातलं.

पहिला संशय येतो तो स्टिकर चोरीला गेल्याचा किंवा कोणी कॉपी केल्याचा. पण स्टिकर काचेवरच आहे. कारण बहुतेकदा याहून साधं असतं.

[दृश्य: टोलची लेन. वरचा रीडर, अडलेला दांडा, मागे हॉर्न वाजवणारे ट्रक.]

लेनच्या वर बसवलेला रीडर काचेवरचा टॅग वाचतो. कधी टॅग फाटलेला असतो, कधी काचेवर चिकटवलेलाच नसतो, तर कधी रीडरच रुसतो. मागे रांग लागते. मग बूथमधला माणूस गाडीचा नंबर कीबोर्डवर टाइप करतो. त्या नंबरला जोडलेला टॅग सिस्टिम शोधून काढते आणि पैसे कापते. टॅग समोर असण्याची गरजच उरत नाही. आता घाईत 8 च्या जागी 3 पडला, तर समोरची गाडी पुढे निघून जाते आणि पैसे नाशिकला उभ्या असलेल्या गाडीचे जातात.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणालाही हे ठाऊक आहे. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी सांगितलं, की अशा चुकीच्या वसुलीसाठी 250 हून जास्त प्रकरणांत टोल चालवणाऱ्यांना दंड झाला आहे. एका चुकीला किमान एक लाख रुपये. महिन्याला सुमारे 30 कोटी व्यवहार होतात आणि खऱ्या ठरलेल्या तक्रारी फक्त 50 च्या आसपास येतात, असंही त्यांनी सांगितलं. आता शंभर रुपयांसाठी कोण मेल लिहीत बसणार? 50 हा आकडा तक्रार केलेल्यांचा आहे. पैसे गेलेले सगळे त्यात आहेत, असं समजायला नको.

[दृश्य: लॅपटॉपवर टॅगचं स्टेटमेंट. एका रकान्यावर बोट.]

तक्रार करण्याआधी स्टेटमेंट उघडायचं. मेसेजवर जायचं नाही, कारण मेसेज उशिरा येतो. कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. शनिवारी शिर्डीला जाऊन आलात आणि त्याचा मेसेज रविवारी सोफ्यावर बसल्यावर आला, तर तो टोल तुमचाच आहे. स्टेटमेंटमध्ये पैसे कापल्याची वेळ असते आणि गाडी नाक्यावर वाचली गेली ती वेळही असते. आपल्याला ही दुसरी वेळ हवी.

दोनदा कापलेले पैसेही तिथेच कळतात. नाका तोच, दिशा तीच, दोन वेळांत जेमतेम दोन-चार मिनिटांचं अंतर आणि व्यवहार क्रमांक मात्र दोन : ही दुहेरी वसुली. एका लेनमध्ये टॅग वाचला गेला नाही म्हणून गाडी मागे घेऊन शेजारच्या लेनमध्ये लावायला सांगतात, तेव्हा हे हमखास होतं. पहिल्या लेनमधला व्यवहार तोवर मागच्या मागे पूर्ण झालेला असतो.

पण जाताना 100 आणि त्याच दिवशी येताना 50 कापले असतील, तर ती चूक नाही. राष्ट्रीय महामार्गावर 24 तासांच्या आत परत आलात, तर दोन्ही वेळचा मिळून दीडपट टोल लागतो. येतानाही पूर्ण 100 कापले असतील, तर वरचे 50 मागायचे.

आणखी एक प्रकार. दांडा उघडत नाही, तुम्ही वैतागून रोख देता आणि घरी पोहोचेपर्यंत टॅगमधूनही पैसे गेलेले असतात. इथे रोखीची पावती हाच पुरावा. खरं तर ते पैसे देणंच लागत नव्हतं. मे 2018 च्या अधिसूचनेनुसार टॅग चालू असेल, त्यात पुरेशी शिल्लक असेल आणि नाक्यावरची यंत्रणाच बिघडली असेल, तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. रांगेत उभं राहून हे कलम ऐकवणं सोपं नाही, हेही खरंच.

[दृश्य: काचेवरच्या टॅगचा क्लोजअप. बँकेचं नाव दिसतं.]

आता पैसे मागायचे कुणाकडे? नाक्यावर भांडून ते परत मिळत नाहीत. बूथमधल्या माणसाच्या हातात रिफंडचं बटण नसतं. टॅग ज्या बँकेने दिला, तिच्याकडे जायचं. मग तो नाका राष्ट्रीय महामार्गावरचा असो की समृद्धीवरचा. बँकेच्या फास्टॅग पोर्टलवर त्या व्यवहारासमोर डिस्प्यूट नोंदवायचा पर्याय असतो. नसेल तर कस्टमर केअर. हा नंबर टॅगवरून किंवा बँकेच्या ॲपमधून घ्या. गुगलवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका, रिफंडच्या नावाखाली ओटीपी मागणारे तिथे टपलेलेच असतात.

आपल्या उदाहरणातल्या बाई फोन लावतात.

“मॅडम, गाडी तिथून गेल्याचं सिस्टिममध्ये दिसतंय.”

“सिस्टिममध्ये नंबर दिसतोय, गाडी नाही. त्या वेळचा लेनमधला फोटो मागवा आणि तक्रार नंबर द्या.”

हे दुसरं वाक्य पाठ करून ठेवावं असं आहे. प्रत्येक लेनमध्ये कॅमेरा असतो. तुमची बँक नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून टोलनाक्याच्या बँकेकडे पैसे परत मागते. त्या बँकेने नकार दिला, तर तिला पुरावा जोडावा लागतो आणि तो पुरावा म्हणजे फोटो. बाईंची गाडी पांढरी हॅचबॅक. फोटोत राखाडी एसयूव्ही निघाली आणि तिच्या नंबरात 3 च्या जागी 8 असला, की वाद संपला. सोबत सोसायटीच्या गेटचं सीसीटीव्ही फुटेज किंवा त्या दिवशीची नाशिकमधली पार्किंगची पावती जोडली तर उत्तम. मात्र फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, ते आजच काढून घ्या.

नाका राष्ट्रीय महामार्गावरचा असेल, तर 1033 वर फोन करा आणि falsededuction@ihmcl.com वर मेलही टाका. मेलमध्ये गाडीचा नंबर, व्यवहार क्रमांक, नाका, वाचल्याची वेळ आणि बँकेचा तक्रार नंबर, एवढंच. रागाचे दोन परिच्छेद लिहिले, तर व्यवहार क्रमांक त्यात हरवून जातो.

तक्रार मान्य झाली, की पैसे टॅगच्या शिल्लकेत जमा होतात, म्हणून बचत खात्यात शोधत बसू नका. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फोटो न दाखवताच तक्रार बंद केली, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, पण बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली असायला हवी. म्हणून तो तक्रार नंबर.

[दृश्य: नंबरप्लेटचे दोन फोटो शेजारी शेजारी.]

कधी फोटोत तुमचाच नंबर, तुमच्याच मॉडेलवर, पण गाडी दुसऱ्याची असते. ही बनावट नंबरप्लेट. त्याचं काम बँकेकडे नाही. फोटो घेऊन आधी पोलिसांत तक्रार द्या, नाहीतर उद्या त्या गाडीची चलनंही तुमच्या नावावर येतील.

आणि कधी फोटोत खरोखर तुमचीच गाडी असते, गेल्या वर्षी विकलेली, काचेवर तुमचाच टॅग मिरवत. अशा वेळी बँक पैसे परत देत नाही आणि तिचं चुकतही नाही. गाडी विकताना टॅग बंद करायचा असतो. राहून गेला असेल, तर आज बंद करा आणि गेलेल्या टोलचा हिशेब घेणाऱ्याशी करा.