भपक्यावरचा हात

नमस्कार श्रोतेहो.

भातावरचं झाकण उचललं की आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत असतात, आणि त्या थेंबांना भाताचा वास असतो. एवढं तुमच्या ध्यानात असलं, की अत्तराची निम्मी विद्या तुम्हाला आलीच. वाफ वास घेऊन निघते आणि गार जागी तो सोडून देते. प्रश्न असा, की तो सोडलेला वास धरून कोण ठेवतं? अत्तरात त्याचं उत्तर आहे चंदनाचं तेल.

उत्तर प्रदेशातल्या कनौजला मी गेले ते गुलाबाच्या हंगामात. तिथल्या भट्टीत तांब्याचा एक मोठा हंडा चुलीवर लिंपून बसवलेला असतो, त्याला डेग म्हणतात. पहाटे खुडलेला गुलाब आणि पाणी त्यात जातं. वर झाकण, आणि झाकणाच्या कडेला कापूस आणि ओली माती यांचा लेप. झाकणातून बांबूची नळी निघते, तिच्यावर सुतळी गुंडाळलेली असते. ही नळी शेजारच्या पाण्याच्या हौदात ठेवलेल्या दुसऱ्या तांब्याच्या भांड्यात उतरते. लांब मानेच्या, गोल पोटाच्या या भांड्याचं नाव भपका. आपल्या मराठीत भपका म्हणजे डामडौल, पण तिथला भपका सबंध दिवस गळ्यापर्यंत पाण्यात गप्प बसलेला असतो. आणि अत्तर होतं ते त्याच्याच पोटात. डेगेत फुलं फक्त शिजतात. हे पुन्हा सांगते, कारण लोक चुलीकडे बघत राहतात: अत्तर भपक्यात होतं.

मी पाहिलेल्या भट्टीत भपक्यात 5 किलो चंदनाचं तेल आधीच ओतलेलं होतं आणि डेगेत 50 किलो गुलाब होता. आता हिशोब बघा. 1 किलो निव्वळ गुलाबतेल काढायला 3 ते 5 हजार किलो फुलं लागतात. म्हणजे 50 किलोतून मिळणार 10 ते 17 ग्रॅम, फार तर तीन-साडेतीन चहाचे चमचे. एवढंसं तेल मोठ्या भांड्यात नुसतं उतरलं तर अर्धं भिंतींनाच चिकटेल. चंदन त्याला आल्या आल्या पोटात घेतं.

तिथे एक म्हातारे कारागीर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. भट्टीवर ना तापमापक ना घड्याळ. चाचा अधूनमधून हौदात हात घालून भपक्याच्या मानेवर आणि पोटावर तळवा ठेवत. किती भरला, किती तापला, ते त्यांना हाताला कळे. भपका तापला की हौदातलं पाणी बदलायचं. तो भरला की डेगेच्या अंगावर ओलं फडकं फिरवायचं, वाफ क्षणभर दबते, तेवढ्यात भरलेला भपका काढून दुसरा लावायचा.

दुपारी चाचा जेवायला बसले. चुलीपाशी एक नवा पोरगा होता. त्याने एकदम चार जाडी लाकडं सारली आणि पाणी आणायला निघून गेला. मला तर सगळं ठीकच दिसत होतं. चाचांचा घास मात्र हातात थांबला. मलाही मग ऐकू आलं, पण ते उठल्यावर: नळीतून इतका वेळ येणारा सावकाश आवाज जाऊन तिथे गुडगुड सुरू झाली होती. चाचांनी खरकट्या हाताने दोन लाकडं बाहेर ओढली, गोणपाट बुडवून डेगेवर टाकलं आणि भपक्याला हात लावला. ‘‘गरम,’’ एवढंच म्हणाले. झाकणाच्या कडेला लेपाला केसाएवढी भेग गेली होती आणि तिथून गुलाबाची बारीक वाफ निसटत होती. सगळं घर सुगंधी झालं. मी म्हटलं, किती छान वास! चाचा म्हणाले, ‘‘बाई, घरात आला म्हणजे भांड्यात नाही आला.’’

(त्या वाक्यापासून मला अगरबत्तीने भरलेली बंद खोली सोसत नाही. वास दारातून हलकेच आत यावा, दार अडवून उभा राहू नये, असं माझं ठाम मत आहे. असो.)

रात्रभर भपका तसाच निवू दिला. चंदनाचं तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे सकाळपर्यंत तेल वर आणि पाणी खाली. बुडाशी भोक असतं, त्यातून पाणी काढून घ्यायचं. एरवी हे पाणी फेकत नाहीत, ताज्या फुलांबरोबर परत डेगेत घालतात. का? गुलाबाच्या सुवासाचा एक मोठा भाग पाण्यात विरघळणारा आहे, म्हणून तर गुलाबपाण्याला वास असतो. पाणी परत घातलं की तो भाग पुन्हा वाफेबरोबर चंदनाकडे जातो. पाणी परत जातं, हे लक्षात ठेवा.

पण त्या सकाळी चाचांनी ते पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं. आधी गुलाब आला, आणि त्याच्या मागून उकडलेल्या पालेभाजीचा वास. बुडाची फुलं करपत आली होती. चाचांनी सगळं पाणी मोरीत ओतलं. मग गवताची काडी तेलात बुडवून हुंगली, बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘तेल वाचलं.’’ डेगेत स्वच्छ पाणी आणि नवी फुलं पडली. त्याच चंदनावर अशा 15 दिवसांच्या फुलांची वाफ चढायची होती. पोरग्याला ते काही बोलले नाहीत, फक्त त्याचा हात धरून भपक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

आता बाटलीतला परफ्यूम. 15 दिवसांची फुलं धरली तरी 5 किलो चंदनात निव्वळ गुलाबतेल 150 ते 250 ग्रॅमच, शंभरात तीन ते पाच भाग. चांगल्या परफ्यूममध्ये सुगंधी द्रव्य याच्या कितीतरी पट, शंभरात 15-20 भाग असतं. म्हणजे अत्तर टिकतं ते सुगंध जास्त म्हणून नव्हे. परफ्यूममधला बाकीचा भाग मुख्यतः अल्कोहोल, आणि ते मिनिटाभरात उडतं. अंगावर गार वाटतं ते त्याचंच उडणं. जाता जाता ते वास चारी बाजूंना फेकतं, म्हणून परफ्यूम चार हातांवरून कळतो. चंदन जागचं हलत नाही, त्वचेच्या उबेने गुलाबाला जरा जरा सोडतं. म्हणून अत्तर जवळ आलेल्या माणसालाच कळतं. लावल्यावर मनगटं एकमेकांवर घासू नका, टेकवा आणि सोडा.

चंदन महाग झालं आणि मिळेनासंही झालं, तेव्हा अनेकांनी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन घ्यायला सुरुवात केली. त्याला स्वतःचा वास नाही. दुकानात नाक लावून फरक कळत नाही, कारण पहिला वास दोन्हींत फुलाचाच असतो. थेंब लावून घरी जा आणि संध्याकाळी हुंगा. पॅराफिन असेल तर तेलकटपणा उरतो आणि वास संपलेला असतो.

निघताना चाचांनी आदल्या हंगामातल्या गुलाबाचा एक थेंब माझ्या मनगटावर काडीने टेकवला. गाडीत बसले तेव्हा गुलाब होता. मध्यरात्री जाग आली तेव्हा गुलाब आणि चंदन वेगळे करता येत नव्हते. सकाळी स्टेशनवर उतरून तोंड धुतलं, हात पुसले, आणि मनगट नाकाशी नेलं, तर गुलाब गेला होता, चंदन अजून होतं.