पाय हवेत, पाय जमिनीवर

[दृश्य: फिजिओथेरपीची खोली. टेबलाच्या कडेला पाय सोडून बसलेला तरुण कबड्डीपटू. घोट्याला वजनाचा पट्टा.]

चढाई करताना याचा गुडघा वळला आणि आतला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रियेत तिथे नवा बंध बसवला. आता मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स पुन्हा बळकट करायचा आहे. त्यासाठी दोन वाटा आहेत.

पहिली वाट समोर दिसते आहे. पाऊल हवेत मोकळं, मांडी टेबलावर स्थिर, आणि नडगी तेवढी वर उचलायची. याला ओपन चेन व्यायाम म्हणतात. दुसरी वाट आपल्या आखाड्यांत पिढ्यान् पिढ्या आहे, ती म्हणजे बैठक. पाऊल जमिनीवर रोवलेलं, आणि घोटा, गुडघा, खुबा तिघांनी एकत्र वाकायचं. ही क्लोज्ड चेन.

[दृश्य: नडगी हळूहळू आडवी होते.]

पट्ट्यात पाच किलो आहेत. नडगी सरळ खाली लोंबत असते तेव्हा हे वजन गुडघ्याला वळवतच नाही. पाय सरळ होत जातो तसं ते गुडघ्यापासून आडवं लांब जातं. पूर्ण सरळ पायात हे अंतर साधारण चाळीस सेंटिमीटर. क्वाड्रिसेप्सला मात्र गुडघ्याशी जेमतेम चार सेंटिमीटरची तरफ मिळते. म्हणजे पाच किलो तोलायला स्नायूला दहापट, पन्नास किलोंएवढी ओढ लावावी लागते. नडगीचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही.

ही ओढ कुठल्या दिशेला जाते, यावर पुढचं सगळं ठरतं. गुडघा जवळजवळ सरळ असताना वाटीखालचा कंडरा नडगीला वर ओढताना थोडा पुढेही ओढतो. नडगी पुढे सरकू न देणं हेच एसीएलचं काम. त्यामुळे ताण त्याच्यावर येतो. गुडघा नव्वद अंशांत वाकलेला असताना हाच कंडरा नडगीला किंचित मागे दाबतो, आणि एसीएल निवांत राहतो.

[दृश्य: बैठक, बाजूने.]

बैठकीत हिशेब उलटतो. उभं असताना गुडघ्यावर वळणारा भार नगण्य असतो, खाली जाल तसा तो वाढतो. शरीराचं वजन सांध्याला वरून दाबून धरतं. धड पुढे झुकलं की खुबा सांभाळायला मांडीमागचे हॅमस्ट्रिंग कामाला लागतात आणि जाता जाता नडगीला मागे खेचतात. पण धड ताठ ठेवून बैठक मारली तर ही मदत फार थोडी मिळते. बैठकीत हॅमस्ट्रिंग आपोआप राखण करतात, असं सरसकट सांगितलं जातं. त्यातली ही अट बहुतेक वेळा गळून पडते.

1990च्या दशकात अनेक ठिकाणी पाय हवेत सरळ करण्याचा व्यायाम जवळपास बाद झाला. त्याच काळात अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांच्या शाबूत एसीएलवर सूक्ष्म मापक बसवून ताण मोजला. बैठक आणि वजनासह पाय सरळ करणं, दोन्हींत कमाल ताण जवळपास सारखाच निघाला. फरक दिसला तो भार वाढवल्यावर. पाय सरळ करताना भारासोबत ताण वाढला, बैठकीत फारसा वाढला नाही.

वाटीचंही असंच आहे. पाय हवेत सरळ होताना शेवटच्या टप्प्यात वाटीमागचा दाब वाढतो, कारण तिथे वाटी मांडीच्या हाडाला अगदी थोड्या जागेवर टेकते. खोल बैठकीत टेकण्याची जागा वाढते, पण जोर त्याहून जास्त वाढतो. दोन्ही दाबांची पातळी साधारण पंचेचाळीस ते पन्नास अंशांच्या आसपास एकमेकांना ओलांडते. म्हणून वाटी दुखणाऱ्याला बैठक अर्ध्यावर थांबवायला सांगतात, आणि पाय उचलण्याचा व्यायाम नव्वद ते पंचेचाळीस अंशांत.

[दृश्य: कबड्डीपटू आरशासमोर बैठक मारतो. पुढून.]

मग नुसत्या बैठकाच का नाहीत? नीट पाहा. कंबर निरोगी पायाकडे सरकली आहे, आणि धड जरा जास्तच झुकलं आहे. बैठक पूर्ण होते, पण दुबळ्या क्वाड्रिसेप्सचं काम खुब्याचे स्नायू आणि दुसरा पाय वाटून घेतात. साखळी बंद असली की कमजोर कडी अशी लपते. दोन्ही पायांखाली वेगवेगळे वजनकाटे ठेवले तर हा डाव लगेच पकडता येतो. पाय हवेत असताना मात्र नडगी सरळ करायला क्वाड्रिसेप्सशिवाय कोणी नसतं.

म्हणून आता दोन्ही व्यायाम देतात, कोन सांभाळून. 2016च्या डच मार्गदर्शक सूचनांनुसार चौथ्या आठवड्यापासून नव्वद ते पंचेचाळीस अंशांत पाय उचलायला हरकत नाही. पुढे पल्ला दर आठवड्याला थोडा वाढवत आठव्या आठवड्यात पूर्ण करायचा. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर फिजिओ आधीच्या पल्ल्यावर परत आणतात. आणि नवा बंध हॅमस्ट्रिंगच्या कंडऱ्यापासून केला असेल, तर पहिले बारा आठवडे या व्यायामात घोट्याला वजन बांधायचं नाही.

[दृश्य: फिजिओ पट्टा सोडवते. पाय पंचेचाळीस अंशांवर थांबतो.]